बारावा म्हणजे पुढे अकरा

‘एका रांगेत गणेश डावीकडून १२ वा आणि उजवीकडून १८ वा आहे, तर रांगेत एकूण किती मुले आहेत?’ फळ्यावर हा प्रश्न लिहून मी वळायच्या आत अर्धा वर्ग ओरडलेला असतो, “तीस!” मागच्या बाकावरची दोघं-तिघं मात्र ठामपणे सांगतात, “एकोणतीस.” त्यांना विचारलं, कसं काय, तर उत्तर ठरलेलं असतं: “सर, बेरीज करून एक वजा करायचा असतो.” आणि का वजा करायचा? इथे सगळे वहीकडे बघू लागतात.

शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. त्याच गावातली पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंही कधीमधी संध्याकाळी येऊन बसतात. शाळेतलं पोर असो की भरतीला उभा राहिलेला तरुण, रांगेतल्या क्रमांकाच्या प्रश्नात दोघं एकाच ठिकाणी अडकतात. सूत्रं दोघांनाही पाठ असतात. एकूण संख्या काढायला एक उणे करायचा, शेवटून क्रमांक काढायला एक अधिक करायचा, दोघांच्या मधले काढायला काहीच करायचं नाही, आणि कधी कधी तर दोन उणे करायचे. अशी पाच-सहा सूत्रं डोक्यात एकत्र झाली की परीक्षेच्या घाईत नेमकं कुठलं कुठे लावायचं, याचा घोळ होतो. माझं म्हणणं असं, की ही सगळी सूत्रं म्हणजे एकाच गोष्टीच्या सावल्या आहेत. ती गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिली की सूत्र एकही लागत नाही.

ती दाखवायला मी चिंचोके घेतो. टेबलावर नऊ चिंचोके ओळीत मांडायचे आणि त्यातल्या एकाला खडूने पांढरा ठिपका द्यायचा. एका मुलाला डावीकडून मोजायला लावायचं, दुसरीला उजवीकडून. मोजताना बोट चिंचोक्यावर टेकवायचं आणि ठिपक्याच्या चिंचोक्यावर थांबायचं. तो “चार” म्हणून थांबतो, ती “सहा” म्हणून थांबते, आणि दोघांची बोटं एकमेकांना लागतात. एवढ्याशा चिंचोक्यावर दोन बोटं मावत नाहीत, म्हणून दोघं बोट रेटत राहतात. मी विचारतो, “तुझ्या चारमध्ये हा आहे का?” “आहे.” “आणि तुझ्या सहामध्ये?” “आहे की.” “मग चार आणि सहा दहा कसे, टेबलावर तर नऊच आहेत?” एकदम शांतता होते. मग त्या दोन बोटांकडे बघून कोणीतरी म्हणतं, “सर, हा दोनदा मोजला गेला.” त्या क्षणानंतर ‘एक वजा’ हे सूत्र राहत नाही. कोणाला वजा केलं, तो तिथे समोर दिसत असतो.

पण मला त्याच्याही एक पायरी पुढे जायचं असतं. वजाबाकी करायची वेळच येऊ नये, अशी मोजण्याची एक रीत आहे आणि ती आपल्या घरातली म्हातारी माणसं रोज वापरतात. दवाखान्यात कंपाउंडर सांगतो, “आजी, तुमचा बारावा नंबर.” आजी लगेच विचारते, “म्हंजी माज्या म्होरं अकरा जण का रं?” तिला बारा या आकड्याशी काही घेणं-देणं नसतं. तिला हवं असतं ते पुढच्या माणसांचं मोजमाप. बारा हा आकडा माणसं मोजतो, तर ‘बारावा’ हा शब्द एका माणसाची जागा सांगतो, आणि त्या जागेचा खरा अर्थ ‘याच्या पुढे अकरा आहेत’ एवढाच असतो.

म्हणून मी मुलांना सांगतो, प्रश्नात क्रमांक दिसला की आधी त्याची माणसं करून टाका. गणेश डावीकडून १२ वा, म्हणजे त्याच्या डावीकडे ११. उजवीकडून १८ वा, म्हणजे उजवीकडे १७. आता रांग सरळ दिसते: ११ जण, मग गणेश, मग १७ जण. एकूण २९. कुठेच काही वजा करून आठवावं लागलं नाही. पुढचे, स्वतः आणि मागचे, एवढीच बेरीज.

याच रीतीने दुसरा प्रश्नही सुटतो. ४० मुलांच्या वर्गात मीनाचा वरून १४ वा क्रमांक आहे, तर शेवटून कितवा? घाईत मुलं ४० मधून १४ वजा करतात आणि २६ लिहितात. पर्यायांमध्ये २६ हमखास असतो, कारण प्रश्न काढणाऱ्याला ही चूक चांगली ठाऊक असते. आता माणसं मोजू. मीनाच्या पुढे १३. ४० मधून ते १३ आणि स्वतः मीना बाजूला काढली की मागे उरल्या २६. म्हणजे २६ हा आकडा चुकीचा नाहीच, पण तो मीनाचा क्रमांक नसून तिच्या मागे असलेल्यांची संख्या आहे. मागे २६ असतील तर शेवटून ती २७ वी. मुलाची वजाबाकी बरोबर आली, फक्त हाती आलेला आकडा कशाचा आहे हे त्याने पाहिलं नाही. माझ्या अनुभवात या प्रकरणातल्या निम्म्या चुका अशाच असतात.

उत्तर तपासायची एक सोपी खूण आहे. कुठल्याही रांगेत कोणत्याही माणसाचे दोन्ही बाजूंचे क्रमांक मिळवले की बेरीज एकूण संख्येपेक्षा एकने जास्त येते. कोणाचाही, अपवाद नाही. ४० च्या वर्गात पहिला आलेला शेवटून ४० वा, बेरीज ४१. मीनाचे १४ आणि २७, बेरीज ४१. शंका आली की रांगेतल्या पहिल्या माणसावर सूत्र लावून बघावं. पहिल्याच्या बाबतीत उत्तर काय यायला हवं, हे विचार न करताही कळतं. ४० मधून १ वजा करून ३९ आले, तर ‘पहिला शेवटून एकोणचाळिसावा’ असं म्हणावं लागेल, आणि मग चाळिसावा कोण, हा प्रश्न आपसूक उभा राहतो.

टोकं धरून मोजायचं की सोडून, हा गोंधळ फक्त परीक्षेतला नाही. तो आपल्या बोलण्यातही आहे. आज सोमवार असेल आणि कोणी म्हणालं, “आठ दिवसांनी या,” तर आपण पुढच्या सोमवारी जातो, मंगळवारी नाही. मधे सातच दिवस जातात. पण आजचा सोमवार आणि पुढचा सोमवार दोन्ही धरून बोटांवर मोजलं की आठ होतात. गणपतीचंही तसंच. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येतो आणि अनंत चतुर्दशीला जातो. १४ मधून ४ गेले की १०, म्हणून आपण ‘दहा दिवसांचा गणपती’ म्हणतो. पण चौथ, पाचम असं करत चौदसपर्यंत बोटं मोडली तर अकरा तिथी होतात, आणि विसर्जनाला आपण ‘अकराव्या दिवशी’ असंही म्हणतो. एखाद्या वर्षी तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर दिवस कमी-जास्त होतात, तो भाग वेगळा. एरवी दहा आणि अकरा, दोन्ही आकडे खरेच आहेत. एक मधलं अंतर सांगतो, दुसरा दोन्ही टोकं धरून दिवस मोजतो.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण हार्मोनियमच्या पट्ट्यांवर आहे. सा रे ग म प ध नी आणि वरचा सा, असे आठ स्वर ओळीत घ्या. प हा खालच्या सा पासून पाचवा, म्हणूनच त्याचं नाव पंचम. आता वरच्या सा पासून उलट या: सा, नी, ध, प. वरून तो चौथा. खालून पाचवा, वरून चौथा, तर एकूण स्वर किती? पाच आणि चार नऊ नव्हेत, आठ. कारण प दोन्हीकडून मोजला गेला. हाच आपला गणेशचा प्रश्न आहे, फक्त इथे तो कानाने ऐकता येतो. कुठलाही स्वर घ्या. ग खालून तिसरा, वरून सहावा. रे खालून दुसरा, वरून सातवा. बेरीज सतत नऊ, म्हणजे आठाहून एक जास्त. आणि पाहा, आपण याला सप्तक म्हणतो, कारण आपण वरचा सा पुढच्या सप्तकाचा पहिला धरतो. पाश्चात्त्य संगीतात मात्र त्यालाही याच ओळीत घेऊन आठ म्हणतात आणि त्याला ऑक्टेव्ह हे नाव देतात. पट्ट्या त्याच, टोक धरायचं की सोडायचं एवढाच फरक.

इथपर्यंत रांगेत एकच माणूस होता. दोन माणसं आली की प्रश्नाचा रंग बदलतो.

इथे मराठी बोली पुन्हा मदतीला येते. आपण पत्ता सांगताना म्हणतो, “दोन घरं सोडून तिसरं.” ‘सोडून’ म्हणजे मधली, आणि ‘तिसरं’ म्हणजे मुक्कामाचं. नळाला ‘एक दिवसाआड पाणी’ येतं तेव्हा मधे एक कोरडा दिवस जातो. ‘आड’ आणि ‘सोडून’ हे शब्द दोन्ही टोकं वगळून फक्त मधलं मोजतात. परीक्षेतल्या ‘दोघांच्या मध्ये किती’ या प्रश्नाचाही अर्थ तोच. बोलताना जो मुलगा ‘दोन घरं सोडून तिसरं’ कधीच चुकत नाही, तो कागदावर मात्र चुकतो. म्हणून मी त्याला प्रश्न कागदावरून उचलून गल्लीत नेऊन ठेवायला सांगतो.

समजा ३५ जणांच्या रांगेत अनिल डावीकडून १० वा आणि सुनील उजवीकडून १५ वा आहे. दोघांच्या मध्ये किती जण? डावीकडून अनिलपर्यंत, त्याला धरून, १०. उजवीकडून सुनीलपर्यंत, त्याला धरून, १५. दोन्ही मिळून २५. ३५ पैकी २५ गेले, उरले १०. तेच मधले. इथे एक वजा नाही, एक अधिक नाही, कारण कोणीच दोनदा मोजला गेला नाही. सूत्र पाठ करणाऱ्या मुलाला हे खटकतं. त्याच्या हाताला ‘एक वजा’ची सवय झालेली असते, तो २४ करतो आणि ११ लिहितो.

आता त्याच रांगेत आकडे बदलू. ३५ जणांतच अनिल डावीकडून २२ वा आणि सुनील उजवीकडून १९ वा. २२ आणि १९ मिळून ४१. रांगेत माणसंच ३५! जास्तीची सहा माणसं आली कुठून? चिंचोक्यावर जसा एक दोनदा मोजला गेला होता, तसे इथे सहा जण दोनदा मोजले गेले. याचा अर्थ डावीकडून मोजणारा सुनीलला ओलांडून पुढे गेला आणि उजवीकडून मोजणारा अनिलला ओलांडून पुढे गेला. दोघांच्या मोजण्या एकमेकींवर चढल्या. त्या चढलेल्या पट्ट्यात कोण कोण आहे? एका टोकाला सुनील, दुसऱ्या टोकाला अनिल, आणि मधली माणसं. एकूण सहा, त्यातले ते दोघं काढले की मधे उरले चार. पडताळून पाहू. सुनील उजवीकडून १९ वा, म्हणजे त्याच्या उजवीकडे १८. ३५ मधून ते १८ गेले की १७, म्हणून डावीकडून तो १७ वा. सतराव्या आणि बाविसाव्या जागेच्या मधे १८, १९, २० आणि २१ या जागा. चार. बरोबर.

म्हणून दोघांचा प्रश्न आला की आधी दोन्ही क्रमांकांची बेरीज करून ती एकूण संख्येशी ताडून पाहावी. बेरीज कमी आली तर मधे रिकामी जागा आहे आणि तिथली माणसं कोणीच मोजलेली नाहीत. बेरीज तेवढीच आली तर दोघं शेजारीशेजारी. एकने जास्त आली तर ती दोन माणसं नाहीतच, एकच आहे. प्रश्नात दोन वेगळी नावं असतील तर छपाईत काहीतरी चुकलं आहे. दोन किंवा त्याहून जास्त आली तर मोजण्या एकमेकींवर चढल्या आहेत.

याच ठिकाणी एका सराव संचाने माझ्या वर्गात मोठा वाद लावून दिला होता. प्रश्न असा होता: राजू डावीकडून १० वा आहे, विजय उजवीकडून १२ वा आहे आणि दोघांच्या मध्ये ५ जण आहेत, तर रांगेत एकूण किती? मागे छापलेलं उत्तर २७. सगळ्यांनी १०, १२ आणि ५ मिळवून २७ आणले आणि बरोबरची खूण केली. आठवीतल्या एका मुलीने मात्र वहीत १५ ठिपके काढले होते. तिचं म्हणणं, “सर, विजय राजूच्या अलीकडे उभा असला तर?” मी तिचे ठिपके मोजले. पंधराच्या रांगेत उजवीकडून बारावा म्हणजे डावीकडून चौथा. राजू दहावा. चार आणि दहाच्या मधे पाच, सहा, सात, आठ, नऊ: पाच जण. प्रश्नातली प्रत्येक अट पुरी होत होती. तिचं उत्तर छापील उत्तराइतकंच खरं होतं.

त्या दिवशी पुढचा धडा बाजूला ठेवून आम्ही त्याच प्रश्नावर बसलो. एकूण संख्या दिलेली नसेल आणि कोण कोणाच्या कोणत्या बाजूला हेही सांगितलेलं नसेल, तर रांग दोन तऱ्हेने उभी राहू शकते. सरळ उभी राहिली तर सगळे मिळवायचे: २७. मोजण्या चढलेल्या असल्या तर १० आणि १२ या बेरजेतून दोनदा मोजलेले काढायचे. ते मधले पाच, राजू आणि विजय मिळून सात. २२ मधून ७ गेले, १५. चांगला प्रश्न काढणारा म्हणून ‘जास्तीत जास्त किती’ किंवा ‘कमीत कमी किती’ असं विचारतो, नाहीतर ‘माहिती अपुरी आहे’ असा पर्याय तरी देतो. तो पर्याय दिसला की मुलं त्याला आळशी उत्तर समजून ओलांडून जातात. पण या प्रकरणात पुष्कळदा तेच खरं उत्तर असतं.

मात्र दुसरी रांग दरवेळी उभी राहतेच असं नाही. समजा राजू डावीकडून १० वा नसून ४ था असता आणि मधले ५ तसेच. मोजण्या चढवायच्या तर राजूच्या डावीकडे आधी पाच माणसं आणि त्यांच्याही पलीकडे विजय, असे सहा जण मावायला हवेत. पण चौथ्या माणसाच्या डावीकडे तीनच जागा असतात. ती रांग होऊच शकत नाही. तेव्हा उत्तर एकच, ४ आणि ५ आणि १२ मिळून २१. हेही सूत्राने करायला गेलं तर डोकं दुखतं. राजूच्या पुढे किती, एवढं विचारलं की लगेच दिसतं.

जागांची अदलाबदल हा प्रकार मुलांना सर्वांत अवघड वाटतो. तिथे लक्ष माणसांवरून काढून जागांवर न्यावं लागतं. बाकावर बसलेली मुलं उठून जागा बदलतात, बाक हलत नाहीत. सीमा डावीकडून ९ वी, रेखा उजवीकडून १३ वी. दोघींनी जागा बदलल्या आणि सीमा डावीकडून १७ वी झाली. सीमा आता कुठे बसली आहे? रेखाच्या बाकावर. तो बाक उजवीकडून तेरावा आहे हे आधीच सांगितलंय, आणि आता कळलं की डावीकडून तो सतरावा आहे. एकाच बाकाचे दोन्ही क्रमांक मिळाले! बाकाच्या डावीकडे १६, उजवीकडे १२, तो स्वतः एक: एकूण २९. रेखाचा नवा क्रमांक विचारला तर ती सीमाच्या जुन्या बाकावर आहे, डावीकडून नववा. २९ मधून आधीचे ८ गेले की उजवीकडून २१ वा. चार आकड्यांचा गुंता दिसत होता, तो एका बाकावर येऊन सुटला.

आता एक प्रश्न असा, की ज्यात गणित सोपं आणि फास नावात असतो. वर्गात ४५ विद्यार्थी, मुली मुलांच्या दुप्पट, म्हणजे ३० मुली आणि १५ मुलगे. किरणचा क्रमांक वरून १८ वा आणि त्या क्रमांकाच्या पुढे १२ मुली आहेत. किरणच्या मागे मुलगे किती? पुढे १७ जण, त्यात १२ मुली, म्हणून ५ मुलगे. १५ मधून ५ गेले, १०. इथे बहुतेक जण थांबतात. पण किरण मुलगा असेल तर तो स्वतःही त्या पंधरातलाच. त्याला काढलं की मागे ९. आणि किरण मुलगी असेल? तर १० च बरोबर. किरण हे नाव आपल्याकडे दोघांचंही असतं. हिंदीतून किंवा इंग्रजीतून प्रश्न उतरवताना लिंग सांगणारा शब्द निसटतो आणि उत्तर एकने हलतं. प्रश्न काढणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे, की अशा प्रश्नात निदान ‘त्याच्या पुढे’ किंवा ‘तिच्या पुढे’ एवढा एक शब्द तरी घालावा. ९ आणि १० हे दोन्ही पर्याय छापलेले असतात आणि एखाद्या मुलाचा एक गुण त्या गाळलेल्या शब्दापायी जातो.

या सगळ्यात आपण एक गोष्ट गृहीत धरून चाललो आहोत: एका जागी एकच माणूस. प्रार्थनेच्या रांगेत ते खरं असतं, गुणांच्या यादीत नसतं. समजा दहा जणांच्या यादीत दोघांना सारखे गुण पडले आणि दोघांना चौथा क्रमांक दिला; त्यानंतरच्याला सहावा. त्या दोघांच्या खाली पाच जण आहेत, म्हणून शेवटून दोघंही सहावे. आता ४ आणि ६ दहा, एक वजा, नऊ. पण यादीत तर दहा आहेत! सूत्र इथे कोसळतं. माणसं मोजण्याची रीत मात्र टिकते: पुढे तीन, बरोबरीचे दोन, मागे पाच, एकूण दहा. सूत्रातला तो ‘एक’ म्हणजे खरं तर ‘त्या जागी असलेले सगळे’ असा होता, आणि रांगेत त्या जागी एकच जण असतो म्हणून तो एक दिसत होता. काही शाळांत दोन चौथ्यांनंतर थेट पाचवा क्रमांक देतात. तिथे तर क्रमांकावरून पुढे किती जण आहेत हे कळायचीही सोय राहत नाही.

दहावी-बारावीनंतर हाच हिशेब पर्सेंटाईलच्या रूपाने घरोघर येतो. जेईई मेनमध्ये पर्सेंटाईल असं काढतात: त्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण पडलेले परीक्षार्थी किती, त्याला एकूण परीक्षार्थींच्या संख्येने भागायचं आणि शंभरने गुणायचं. नीट पाहिलं तर हे शेवटून मोजणंच आहे, स्वतःला धरून आणि बरोबरीच्या सगळ्यांनाही धरून. बरोबरीचे आधीच या बाजूला घेतल्यामुळे उरतात ते फक्त खरोखर पुढे असलेले, आणि मघाशी कोसळलेला हिशेब इथे कोसळत नाही. सारख्या गुणांची गर्दी कमी व्हावी म्हणून तिथे पर्सेंटाईल दशांश चिन्हापुढे सात अंकांपर्यंत देतात.

निकालाच्या दिवशी एका वडिलांचा फोन आला. मुलाला ९८.५ पर्सेंटाईल होते आणि त्यांना वाटत होतं, शंभरातले साडेअठ्ठ्याण्णव टक्के गुण पडले. मी म्हटलं, “दादा, हे गुण नाहीत, ही रांग आहे. समजा त्याच्या सत्रात एक लाख मुलं बसली. त्यातली ९८,५०० त्याच्या बरोबरीला किंवा मागे.” पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे पुढे पंधराशे?” मी म्हटलं, “हो. आणि तुमचा मुलगा त्या सत्रात पंधराशे एकावा. सगळ्या सत्रांची मिळून यादी लागेल तेव्हा हा आकडा बदलेल, पण तेव्हाही पुढे किती, हेच विचारा.”